सात वाजता बंद होणारा कॅफे

ब्राह्मीताईनं सख्ख्या भावाकडं दुधाचं बिल मागितलं, तेव्हा सगळ्या भावकीनं तिला वेड्यात काढलं.

भाऊ म्हणजे धन्यकुमार. सांगलीपासून अर्ध्या तासावरच्या गावात त्याचा ऊस, द्राक्षं आणि गोठा. रोज सकाळी बुलेटला दोन कॅन लावून तो अठरा लिटर दूध घेऊन यायचा आणि विश्रामबागेतल्या बहिणीच्या कॅफेत ओतून जायचा. पैसे घ्यायचा नाही. महिन्यातून एकदा गुळाच्या ढेपा आणि शेंगदाण्याचं पोतंही टाकायचा. गावात तो सांगायचा, "भैनीला मी काय कमी पडू देत न्हाई."

ऑगस्टमधल्या एका सकाळी कॅन उतरवून तो हात पुसत होता, तेवढ्यात ताई म्हणाली, "दादा, उद्यापासून लिटरला साठ रुपये लावायचे. बिल पाहिजे मला."

"कुणाला?"

"मला. बिल वहिनीच्या नावानं कर. पैसे तिच्या खात्यात टाकते."

तो हसला. मग ती हसत नाही हे बघून त्याचा चेहरा बदलला. "आगं, घरचं दूध हाय! घरच्या दुधाचं बिल? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"धारा कोण काढतं?"

"चंदनबाला काढती. का?"

"मग तिला विचार की, पहाटे उठून काढलेल्या दुधाची किंमत शून्य आहे का ते."

तो बुलेटला किक मारून निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी कॅनबरोबर वहीच्या पानावर लिहिलेलं बिल आलं. अक्षर वहिनीचं होतं.

मी हे सगळं शेजारच्या टेबलावरून पाहिलं; आता मी सांगलीतच एका कारखान्यात आहे आणि चहाला इथंच असतो. ब्राह्मीताईला मी साताऱ्यापासून ओळखतो. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी ट्रेनी इंजिनिअर होतो आणि ती कँटीन चालवणाऱ्या ठेकेदाराकडं सुपरवायझर होती. वय तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस. बी.कॉम. झालेली, केसांची घट्ट वेणी, खिशाला लाल पेन. तीन पाळ्यांचे मिळून साडेसहाशे कामगार जेवायचे. रात्रपाळीची भाजी उरली की ती पातेल्यात डोकावून बघायची नाही, सरळ वजनकाट्यावर ठेवायची. कुणी टोमणा मारला, "मॅडम, भाजी काय सोनं हाय व्हय?" तर म्हणायची, "सोन्यापेक्षा बेकार. सोनं उद्या शिळं होत नाही."

सात वर्षं तिनं तिथं काढली. ठेकेदारानं तिच्या हाताखाली काम शिकलेल्या पोराला तिच्यावर मॅनेजर नेमलं, त्या महिन्यात ती राजीनामा देऊन सांगलीला आली. गावी परतलेल्या बिनलग्नाच्या मुलीनं काय करावं याबद्दल प्रत्येकाकडं सल्ला होता. तिनं भावाकडून चार लाख उसने घेतले आणि भाऊसो मगदूम यांच्या इमारतीत खालचा गाळा भाड्यानं घेतला. करार तीन वर्षांचा, भाडं महिना तीस हजार. भावाची अट एकच होती. तीन वर्षांत धंदा स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही, तर गाळ्यात चहाच्या एका साखळी दुकानाची फ्रँचायझी घ्यायची. त्यांचा बोर्ड, त्यांचा मसाला, त्यांचे दर. ताईनं गल्ल्यावर बसायचं.

"गल्ल्यावर बसायचंच होतं, तर साताऱ्यात काय वाईट होतं?" असं ती मला एकदा म्हणाली होती.

करार नोव्हेंबरअखेर संपणार होता. आणि ऑगस्टमध्ये भाऊसोंनी वरच्या मजल्यावरून निरोप पाठवला होता की पुढच्या करारात भाडं छत्तीस हजार.

धन्यकुमारच्या मते त्यातही अडचण नव्हती. त्याचा हिशेब तोंडपाठ होता. महिन्याची विक्री दोन लाख चाळीस हजार. मालाची खरेदी पासष्ट हजार. पगार त्रेसष्ट, भाडं तीस, आणि गॅस, वीज, पार्सलचे डबे वगैरे चोवीस. उरले अठ्ठावन्न हजार. "एवढं तर कारखान्याच्या इंजिनिअरला बी मिळत न्हाई," असं तो माझ्याकडं बघून म्हणायचा. मग बहीण त्याचा हप्ता का देत नाही, हे त्याला कळायचं नाही. तो तिला उधळी समजत होता.

ताईला मात्र रोज गल्ल्यातले पैसे कमी का वाटतात हे कळत नव्हतं, म्हणून तिनं साताऱ्याची जुनी पद्धत काढली. महिन्याच्या पहिल्या सकाळी फडताळातला आणि फ्रीजमधला सगळा माल मोजायचा. महिनाभराची खरेदी त्यात मिळवायची. शेवटच्या दिवशी उरलेला माल मोजून वजा करायचा. जे येतं ते खरोखर वापरलेलं. त्याला विक्रीनं भागलं की शंभर रुपयांतले किती रुपये ताटात गेले ते कळतं. कँटीनवाले त्याला फूड कॉस्ट म्हणतात. छोट्या कॅफेत तो आकडा तीस ते पस्तीसच्या आसपास राहिला तर श्वास घेता येतो.

भावाच्या हिशेबानं तो सत्तावीस टक्के येत होता. ताई म्हणाली, "हे खोटं आहे. इतकं चांगलं मी साताऱ्यातही चालवलं नव्हतं."

दुधाचे बत्तीस हजार चारशे आणि गूळ-शेंगदाण्याचे तीन हजार चारशे त्यात घातल्यावर आकडा बेचाळीसवर गेला. अठ्ठावन्न हजारांतले बावीस उरले. मग तिनं स्वतःचा पगार लिहिला, पंचवीस हजार. मालकिणीचा पगार खर्चात धरायचा असतो, हेही घरात कुणाला पटलेलं नव्हतं. तो धरल्यावर महिना दोन हजार आठशे रुपयांनी तोट्यात गेला.

त्या दिवशी तिनं कागद भावापुढं सरकवला. "हे बघ. तीन वर्षं मी फुकट काम केलं आणि वहिनीनंही. वर तोटा."

धन्यकुमारनं शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. "मग फ्रँचायझी घेऊया," तो म्हणाला.

"अजून करार संपलेला नाही."

"आकडा तर तूच लिवलायस की!"

"मी लिहिलाय म्हणून मीच पुसणार."

आता माणसांची ओळख करून देतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कामावर चौघं होती. बनाबाई स्वयंपाक करायची, एसटीनं खेड्यातून यायची. नाथाजी पाटण तालुक्यातला, सैन्यात लंगरला आचारी होता, निवृत्तीनंतर मुलीकडं सांगलीत राहायला आलेला. रेश्मा काउंटर आणि कॉफी सांभाळायची, तिला दुसरीतली मुलगी. मनुबाई भांडी आणि झाडलोट बघायची. कॅफे सकाळी नऊ ते रात्री दहा. बनाबाई आणि मनुबाई नऊला येऊन सहाला जायच्या, नाथाजी आणि रेश्मा एकला येऊन रात्री दहाला. ज्याची साप्ताहिक सुट्टी असेल, त्याच्या जागी ताई उभी राहायची. सोमवार ते गुरुवार चौघांच्या चार सुट्ट्या, त्यामुळं ते चार दिवस ती मालकीण नव्हतीच.

दुधाला किंमत लागल्यावर पहिल्याच आठवड्यात गंमत झाली. ताईनं चहा, कॉफी, ताक, खीर अशा प्रत्येक पदार्थाला किती दूध लागतं ते मापून काढलं आणि विकलेल्या कपांशी ताडून पाहिलं. तेरा लिटरचा हिशेब लागला. येत होतं अठरा.

"पाच लिटर कुठं जातं?" तिनं विचारलं.

कुणी चोरलं नव्हतं. घरचं आहे म्हटल्यावर सगळ्यांचा हात सैल होता. बनाबाई खीर आटवताना अंदाजानं ओतायची. रेश्माच्या कॉफीवर फेस कमी आला की ती कप ओतून नवा करायची. नाथाजीचा चहा तर चमचा उभा राहील असा.

"नाथाजी, हा चहा आहे की रबडी?"

"मॅडम, थंडीत चौकीवर जवानाला असाच द्यावा लागतो."

"जवान पंधरा रुपये देत होता का?"

"न्हाई. त्याचं सरकार द्यायचं."

"इथं सरकार मीच आहे. एका कपाला ऐंशी मिली दूध."

नाथाजीनं सलाम ठोकला. तो थट्टेनं ठोकलाय की खराच, हे त्याच्या बाबतीत कधी कळत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मापाचं भांडं त्याच्या शेगडीशेजारी होतं, आणि दुसऱ्या कुणी अंदाजानं ओतलं की तोच ओरडायचा.

दूध तेरा लिटरवर आलं. नऊ हजार वाचले. पनीरचा एक पदार्थ काढून टाकला, कारण त्याची निम्मी किंमत पनीरमध्येच जात होती. फिल्टर कॉफी पाच रुपयांनी वाढवली. दोन गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, त्यातला एक दुसऱ्या दिवशी परत आला. सप्टेंबरअखेर फूड कॉस्ट छत्तीसवर आली.

तरी बजेट जुळत नव्हतं. भाडं छत्तीस हजार झालं असतं तर विक्रीतल्या शंभरातले पंधरा रुपये नुसते भाड्यात गेले असते. शिवाय भावाचा हप्ता बारा हजार आणि यंत्रं बिघडली तर म्हणून बाजूला सहा हजार. हे सगळं भरून निघाल्याशिवाय धंदा स्वतःच्या पायावर उभा आहे असं म्हणायला ती तयार नव्हती. भाऊ तयार झाला असता, ती नव्हती.

तिनं मग बिलं तासांप्रमाणं लावली. बिलाच्या मशिनमध्ये वेळ छापली जाते, पण ती कोण बघतं? ते काम मी केलं, मला असली कामं आवडतात. रात्री सात ते दहा या तीन तासांची विक्री रोज सरासरी अकराशे रुपये. त्यातला माल वजा केला की सातशे. तेवढ्यासाठी दोन माणसं, सगळे दिवे, तळणाची कढई तापत ठेवायची. उलट सकाळी नऊला शटर वर करताना बाहेर माणसं उभी असायची. फिरायला गेलेले, पहिल्या तासाचे प्राध्यापक, बस्तीतला, म्हणजे जैन मंदिरातला, सकाळचा अभिषेक आटोपून परतणारे. वाट बघून ती दुसरीकडं जायची.

"सकाळी सहाला उघडायचं आणि संध्याकाळी सातला बंद," ताई म्हणाली. "तास तेरा होते, तेराच राहतील. कुणाला काढायचं नाही, कुणाचा पगार कापायचा नाही."

चौघांना बसवून तिनं पाळ्या विचारून लावल्या. सहाला कोण येणार?

"मी," नाथाजी म्हणाला. "चारला उठून मी काय करतो माहितेय का? पोरीच्या घरात भांडं वाजवत न्हाई म्हणून गप पडून ऱ्हातो. जावई झोपलेला असतो."

मनुबाई जवळच राहायची, तिलाही सकाळ चालली. बनाबाईची पहिली एसटी पावणेनऊला पोचायची, म्हणून ती आणि रेश्मा दहा ते सात. दहा ते तीन चौघंही हजर, त्यात दुपारचं जेवण आणि दुसऱ्या दिवशीची तयारी. रेश्मानं कागदावरचा आपला रकाना दोनदा वाचला.

"ताई, सातला सुटले तर पोरगीला मी जेवायला घालणार."

"मग?"

"काय न्हाई. तीन वर्षं सासूच घालती. पोरगी मला विसरलीय, असं बोलती म्हातारी."

"विसरली तर उद्या सांगू तिला, हीच तुझी आई. ओळखपत्र देते."

ऑक्टोबरभर तिनं हे करून पाहिलं. सकाळच्या तीन तासांत रोज दीड हजारांची विक्री झाली. महिन्याची विक्री दोन लाख बावन्न हजार. छत्तीस टक्के माल, पगार तिच्यासकट अठ्ठ्याऐंशी हजार, इतर चोवीस, हप्ता बारा, दुरुस्तीचे सहा. भाड्यासाठी उरले एकतीस हजार दोनशे ऐंशी. त्याखाली तिनं लाल पेनानं रेघ मारली. त्या रेघेपलीकडं तिला एक रुपयाही देता येत नव्हता.

पण गावाला वेगळीच गोष्ट कळली होती.

सांगलीत जैन घरांत बरीच माणसं सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. ब्राह्मी जैन, तिचा कॅफे संध्याकाळी बंद होतो, सकाळी बस्तीतून येणाऱ्यांना बिनकांद्याचं उप्पीट मिळतं. लोकांनी दोन आणि दोन चार केले. सकाळी आजोबा लोक येऊन तिला आशीर्वाद द्यायला लागले. "लेकीनं धरम राखला. रात्रीच्या पैशावर पाणी सोडलं." एका आजींनी तर तिच्या हातात नारळ दिला.

"आजी, मी पाळ्यांसाठी बंद करते. रात्री परवडत नाही."

"असू दे, असू दे. चांगली माणसं बोलून दाखवत नाहीत."

ती वैतागली. नाथाजी शेगडीमागून हसत म्हणाला, "मॅडम, नारळाची चटणी करू? त्याचा खर्च शून्य धरायचा की बाजारभावानं?"

"बाजारभावानं!" ती ओरडली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाऊसो खाली आले. वय सत्तरीचं, पांढरी टोपी, हातात कराराचा मसुदा. त्यांच्या इमारतीत खाली चार गाळे. त्यातल्या दोनांवर 'भाड्याने देणे आहे' अशा पाट्या दीड वर्षापासून ऊन खात होत्या. धन्यकुमारही आला होता, मी होतो. रेश्मानं सगळ्यांना चहा दिला, ऐंशी मिली दुधाचा.

"जय जिनेंद्र," भाऊसो बसले. "ब्राह्मी, मी छत्तीस सांगितले होते. पण तू जे केलंस ते बघून मला बरं वाटलं. माझ्या जागेत रात्री अन्न शिजत नाही, याच्यापरतं काय पाहिजे? तीसच ठेवतो. एक रुपया वाढवत नाही."

धन्यकुमारनं दोन्ही हात जोडले. "लय उपकार, भाऊसो!"

ताईनं मसुदा हातात घेतला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. "हे काय लिहिलंय? 'सदर जागेत सूर्यास्तानंतर खाद्यपदार्थ तयार करणार वा विकणार नाही.'"

"तू करतेसच की ते. नुसतं कागदावर घेतलं."

"मी सातला बंद करते, भाऊसो. या दिवसांत सूर्य सहाला मावळतो. सहा ते सात माझी नऊशेची विक्री असते. तो तास गेला तर महिन्याला सत्तावीस हजारांची विक्री जाईल. त्यातला माल वजा केला तरी सतरा हजार. तुम्ही सहा सोडताय."

भाऊसोंनी चष्मा सारखा केला. "बरं, मग सात लिहू. सूर्य काढून टाकू."

धन्यकुमार तिच्या कानाशी वाकला, पण त्याचं कुजबुजणं गोठ्यातल्यासारखं होतं, सगळ्यांना ऐकू गेलं. "घे की! फुकटचं सहा हजार हायेत महिन्याला!"

"फुकटचं दूध आठवतंय का तुला?" ती म्हणाली.

"त्येचा काय संबंध?"

"जानेवारीत कॉलेजांची गॅदरिंग असतात. ती पोरं रात्री नऊपर्यंत बाहेर असतात. तेव्हा मला उघडं ठेवायचं असेल तर? उद्या समोर हॉस्टेल झालं तर? पाळ्या कधी लावायच्या ते मी ठरवते. ते करारात दुसऱ्यानं लिहायचं नाही." मग ती भाऊसोंकडं वळली. "आणि तुम्हाला गैरसमजात ठेवून सही केली तर ते बरं नाही. मी धर्मासाठी बंद केलेलं नाही. ज्यांना पाळायचंय त्यांनी पाळावं, मला आदर आहे. मी स्वतः रात्री नऊला जेवते."

बनाबाईचा झारा कढईच्या काठावर थांबला.

"नऊला?" भाऊसोंनी विचारलं.

"कधी साडेनऊ."

धन्यकुमारनं कपाळावर हात मारला. "आगं, ह्ये सांगायची काय गरज हुती?"

भाऊसो उठले. "मग भाडं छत्तीस. धंदाच करायचाय तर धंद्यासारखं बोलू."

"तेच म्हणते मी," ताई म्हणाली आणि लाल रेघेचा कागद त्यांच्यापुढं ठेवला. "माझी विक्री ही, माल हा, पगार हे. भाड्याला एवढं उरतं. मी एकतीस देऊ शकते. तीस नको, छत्तीस जमत नाही. एकतीस, आणि वेळेबद्दल कराराच्या कागदावर एक अक्षर नाही. जमत नसेल तर तीस नोव्हेंबरला किल्ली देते. कॉलेजमागं बावीस हजारांचा गाळा बघून ठेवलाय. लहान आहे, पण बसेन त्यात."

"मला हिशेब दाखवतेस?"

"भाडेकरूनं मालकाला खरं दाखवावं की खोटं?"

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि ते जिना चढून गेले.

त्या दिवशी धन्यकुमार जे बोलला ते सगळं इथं लिहिता येणार नाही. तीसमध्ये मिळत असताना एकतीस देऊ करणारी बाई त्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती. तिनं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "दादा, तुला फ्रँचायझीवाले सांगतील, कधी उघड, कधी बंद कर, चहात काय घाल. यांनीही तेच सांगितलं. मग फरक काय राहिला? मी दोघांनाही नाही म्हणते. आणि हजार रुपये जास्त देते, म्हणजे माझ्या दारावर कुणाचं उपकाराचं कुलूप नको."

"आणि त्यानं गाळा काढून घेतला तर?"

"तर तुझा टेम्पो लागेल. भाडं देईन, बिल कर."

त्याला हसू आलं. त्यानं ते मिशीत दाबलं, पण मला दिसलं.

पुढचे काही दिवस वरून निरोप आला नाही. ताईनं कॉलेजमागच्या गाळ्याची लांबी-रुंदी मापून आणली आणि शेगडी कुठं, फ्रीज कुठं हे कागदावर काढायला मला बसवलं. त्या गाळ्यात मागं पाण्याची टाकी नव्हती आणि टेबलं चारच बसत होती. तिला ते माहीत होतं. तरी ती मापं सांगत राहिली. आवाज नेहमीचाच होता, फक्त पेनाचं टोपण ती सारखं काढत-लावत होती.

मग एका सकाळी सातच्या सुमाराला, बस्तीतून येणाऱ्यांच्या घोळक्यात भाऊसो दिसले. कपाळाला गंध. आजवर ते कॅफेत गिऱ्हाईक म्हणून कधी बसले नव्हते. नाथाजीनं उप्पीट पुढं ठेवलं. त्यांनी हळूहळू सगळं संपवलं, ताटलीत एक दाणा ठेवला नाही. बिल देताना सुट्टे मोजून दिले.

"ब्राह्मी," ते म्हणाले, "तुझा कागद माझ्या पोरानं बघितला. पुण्यात असतो, कंपनीत. म्हणाला, बाबा, दोन गाळे रिकामे असताना तिसरा रिकामा करू नका."

"शहाणा आहे मुलगा."

"आणि एवढं सगळं खरं सांगायला तुला कुणी सांगितलं होतं गं?"

"तुम्ही भाडं त्याच्यावर ठरवत होता, भाऊसो. सांगायलाच पाहिजे होतं."

त्यांनी खिशातून नवा मसुदा काढला. भाडं एकतीस हजार. वेळेची ओळ नव्हती. "धर्माचं नाव यात कुठं नाही," ते म्हणाले. "तुझंही समाधान, माझंही. पण उप्पीटात मीठ जरा कमी घाल."

"नाथाजी, ऐकलं का?"

"मिठाचा खर्च वाचला, मॅडम!"

डिसेंबरचा हिशेब लागला तेव्हा धन्यकुमार मुद्दाम हप्ता न्यायला आला. बारा हजार मोजून खिशात घातले आणि बजेटच्या शेवटच्या ओळीकडं बघितलं. सगळं जाऊन उरलेले, दोनशे ऐंशी रुपये.

"दोनशे ऐंशी? यासाठी एवढं महाभारत?"

"माझा पगार घेऊन दोनशे ऐंशी. वहिनीच्या दुधाचे पैसे देऊन दोनशे ऐंशी. तुझा हप्ता देऊन दोनशे ऐंशी."

"आणि तीसवर सही केली असतीस तर?"

"बाराशे ऐंशी."

"मग त्यो हजार?"

तिनं कागदावर बोट ठेवलं. भाड्यासमोर एकतीस हजार लिहिले होते, बाकी काही नाही. "तो भाड्यातच आहे. भाडं आहे ते."

जानेवारीत गॅदरिंगच्या चार रात्री कॅफे साडेनऊपर्यंत उघडा राहिला. जादा तासांचे पैसे आधीच लिहून ठेवले होते. रेश्मानं दोन रात्री घेतल्या आणि दोन नाकारल्या, ताईनं त्या स्वतः घेतल्या. शेवटच्या रात्री नऊ वाजता गर्दी ओसरली, तशी ती मिसळीची प्लेट घेऊन बाहेरच्या टेबलावर बसली. वर गॅलरीत भाऊसो उभे होते.

तिनं पावाचा तुकडा रश्शात बुडवला, मान वर केली आणि मोठ्यानं म्हणाली, "जय जिनेंद्र, भाऊसो!"

भाऊसो कठड्यावरून वाकले, तिच्या प्लेटकडं बघितलं.

"जय जिनेंद्र," ते म्हणाले. "जेव सावकाश."